अपशब्दाविना अपमान : व्यंगपटाच्या मराठी ध्वनिरूपांतराचा एक प्रश्न

बालांसाठी निर्मिलेल्या व्यंगपटाचे ध्वनिरूपांतर करताना पात्रांच्या तोंडची हेटाळणी गाळली तर विनोद मरतो आणि शब्दशः ठेवली तर ती भाषांतरित वाटते. या पेचाचे स्वरूप 'डोरेमॉन' या जपानी मालिकेतील एका लकबीवरून स्पष्ट होते. फुजिको एफ. फुजिओ यांच्या चित्रकथेवरील ही मालिका १९७९ पासून टीव्ही असाही वाहिनीवर दीर्घकाळ चालली. तीत दांडगा जियान व त्याचा साथीदार सुनियो हे नोबिताला 'नोबिता नो कुसे नि' असे हिणवतात. 'नोबिता असूनसुद्धा' हा तिचा वाच्यार्थ. पुढे 'नामाइकि दा', म्हणजे पायरी सोडून वागतोस, असा ठपका येतो.

येथे एकही शिवी नाही. 'कुसे नि' या संबंधदर्शक रचनेतच तुच्छता सामावलेली असून व्यक्तीचे नावच तिचा दोष ठरते. विनोद आहे तो या तर्कदुष्टतेत. 'नोबिता असूनही तू उद्धट आहेस' हे रूपांतर अर्थाला धरून असले तरी 'असूनही' हे मराठी रूप तटस्थ असल्याने डंख उरत नाही. 'मूर्खा, गप्प बस' यात डंख येतो, पण तर्कदुष्टता जाते आणि सामान्य शिवी तेवढी उरते. 'चष्मिष' म्हणावे तर रोख शरीराकडे वळतो. दुसऱ्या दिवशी वर्गातील चष्मा लावणाऱ्या मुलाला तो शब्द ऐकावा लागतो. वयोचिततेची खरी कसोटी हीच : शब्द किती कठोर आहे यापेक्षा तो पडद्याबाहेर कोणाला चिकटेल, हे पाहावे लागते. जात, व्यंग, वर्ण व देहयष्टी यांवरील शब्द म्हणूनच वर्ज्य होत.

मराठीत अशी तुच्छता नामाच्या पुनरुक्तीतून साधता येते : 'नोबिता तो नोबिता, अन् तोरा बघा!' 'आगाऊ' हा शब्द अर्थाने अधिक जवळचा खरा, परंतु तो प्रायः वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभतो. 'माज' समवयस्कांत चालतो, मात्र अनेक घरांत तो असभ्य मानला जातो. 'तोरा' या दोहोंच्या मधला आहे.

कालमानही जुळते. मूळ वाक्यात सात व पाच असे बारा उच्चारघटक आहेत. मराठी वाक्यातही अक्षरांची विभागणी तीच. अशा दूरचित्रवाणी व्यंगपटांत तोंड बहुधा उघडे, अर्धवट व मिटलेले अशा तीनच अवस्थांत रेखाटतात. त्यामुळे प्रत्येक ओष्ठ्य वर्ण जुळविण्यापेक्षा आरंभ, विराम व शेवट जुळणे महत्त्वाचे ठरते.

या उपायाला मर्यादाही आहे. ही लकब भागागणिक परतत असल्याने एका भागात 'तोरा' आणि दुसऱ्यात 'शहाणपणा' आला, तर प्रेक्षक बालकाची ओळखीची अपेक्षा भंगते व हसू ओसरते. म्हणून अशा उक्तींची सूची आरंभीच निश्चित करावी लागते. रूपांतर फसले आहे का, हे संहिता चित्राविना, सपाट स्वरात वाचून पाहिल्यास कळते : तेव्हाही वाक्य हसवीत असेल तर विनोद भाषेत उतरला आहे, नसेल तर तो केवळ नटाच्या आरड्याओरड्यावर तगून आहे.