समेवर खाली

तीनतालात समेवर ‘धा’ दणदणीत वाजतो आणि टाळीही तिथेच पडते. रूपकात मात्र समेलाच खाली. मात्रा सात, विभाग ३-२-२: ती ती ना । धी ना । धी ना. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर.

पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याची घुमारी नसते. ती चौथ्या मात्रेच्या ‘धी’ला येते. नवशिक्याचा कान तिथेच फसतो आणि चौथीलाच सम समजतो. ठेका बिनचूक वाजतो, पण गायक समेवर येतो तेव्हा याची पाचवी मात्रा चालू असते!

दुगुणीत तर दुसरे आवर्तन चौथ्या मात्रेच्या मध्यावर सुरू होते. म्हणून तबल्याला हात लावण्याआधी हातावर टाळी-खाली दाखवत बोल म्हणावेत.