डोळ्याची किंमत, गालाची किंमत: हम्मुराबीची कलमं कशी वाचायची

हम्मुराबीची कायदेसंहिता म्हटलं की ‘डोळ्याला डोळा, दाताला दात’ एवढंच बहुतेकांना आठवतं, आणि परीक्षेतली बरीच उत्तरं तिथेच घसरतात. हा नियम संहितेत आहे खरा, पण तो सगळ्यांना सारखा लागू नाही. डोळा कोणाचा आणि फोडला कोणी, हे ठरल्याशिवाय संहिता शिक्षा सांगतच नाही. त्यामुळे एकच कलम उचलून वाचलं तर हाती काही लागत नाही. शेजारशेजारची कलमं एकमेकांना लावून पाहिली की मात्र समाजाची उतरंड दिसू लागते.

आधी साधन काय आहे ते पाहू. हा सव्वादोन मीटर उंचीचा काळ्या दगडाचा स्तंभ आहे, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. माथ्यावर शमाश हा सूर्यदेव बसलेला, तोच न्यायाचाही देव. त्याच्यापुढे राजा उभा. खाली अक्कादी भाषेतला, कीलाकार लिपीत कोरलेला मजकूर. हम्मुराबीने साधारण इ.स.पू. १७९२ ते १७५० या काळात बॅबिलोनवर राज्य केलं. पण स्तंभ सापडला तो बॅबिलोनमध्ये नव्हे, तर इराणमधल्या सुसा इथे, १९०१-०२ साली फ्रेंच उत्खननात. एलामचा राजा शुत्रुक-नाहुंते याने इ.स.पू. बाराव्या शतकात तो लूट म्हणून तिकडे नेला होता. पुढच्या बाजूचा खालचा काही मजकूर तिथे घासून काढला गेला. त्यातली काही कलमं पुढे मातीच्या पाट्यांवरच्या नकलांमधून मिळाली. पाठ्यपुस्तकांत येणारा २८२ हा आकडाही दगडावर कोरलेला नाही. फ्रेंच अभ्यासक शैल यांनी १९०२ साली मजकूर छापताना, पुसलेल्या जागेसाठी अंदाजाने क्रमांक सोडून, ही मोजणी केली. ‘हम्मुराबीने २८२ कायदे लिहिले’ असं उत्तरात ठोकून देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

संहितेत माणसांचे तीन थर येतात. अविलुम म्हणजे प्रतिष्ठित स्वतंत्र माणूस. मुश्केनुम त्याच्या खालचा, पण स्वतंत्रच. वर्दुम म्हणजे गुलाम. मुश्केनुम नेमका कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. राजवाड्यावर अवलंबून असलेला माणूस, असं काहींना वाटतं. त्याला सरसकट ‘गरीब’ म्हणून मोकळं होता येत नाही, कारण मुश्केनुमच्या मालकीचे गुलामही याच संहितेत आहेत.

आता १९६ ते २०५ ही दहा कलमं घेऊ. त्यांचा आशय माझ्या शब्दांत असा. अविलुमने अविलुमचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा, हाड मोडलं तर हाड मोडावं. अविलुमने मुश्केनुमचा डोळा फोडला किंवा हाड मोडलं तर एक मिना चांदी द्यावी. दुसऱ्या अविलुमच्या गुलामाचा डोळा फोडला किंवा हाड मोडलं तर गुलामाच्या किमतीची निम्मी रक्कम द्यावी. दाताचंही तसंच: बरोबरीच्या माणसाचा दात पाडला तर दात, मुश्केनुमचा पाडला तर मिनाचा तिसरा हिस्सा. मग थप्पड. आपल्याहून वरच्या माणसाच्या गालावर मारणाऱ्याला भर सभेत चामड्याच्या चाबकाचे साठ फटके. बरोबरीच्या अविलुमला मारणाऱ्या अविलुमने एक मिना चांदी द्यायची, मुश्केनुमने मुश्केनुमला मारलं तर दहा शेकेल. आणि गुलामाने अविलुमच्या गालावर मारलं तर त्याचा कान कापायचा.

वाचण्याची युक्ती अशी, की दोन कलमं शेजारी ठेवायची, त्यांतली एकच गोष्ट बदलते आहे का ते पाहायचं, आणि तिच्यासोबत शिक्षा कशी बदलते ते टिपायचं. डोळ्याच्या तीन कलमांत मारणारा तोच, इजा तीच, फक्त मार खाणारा बदलतो. त्यासरशी शिक्षा शरीरावरून चांदीवर आणि चांदीवरून ‘किमतीच्या निम्म्यावर’ उतरते. हा शेवटचा शब्दप्रयोग बारकाईने पाहावा. भाड्याने आणलेल्या बैलाचा डोळा फुटला तर त्याच्या किमतीची निम्मी रक्कम मालकाला द्यावी, असं २४७वं कलम सांगतं. गुलामाचा डोळा आणि बैलाचा डोळा एकाच हिशेबाने मोजले आहेत. दोन्हीकडे भरपाई आहे ती मालमत्तेच्या घटलेल्या किमतीची.

आता एक तुलना अशी, जी संहिता स्वतः करत नाही, आपल्याला करावी लागते. मुश्केनुमचा डोळा फोडण्याचा दंड एक मिना. अविलुमने अविलुमच्या गालावर मारलेल्या थपडेचा दंडही एक मिना. एकाचा कायमचा गेलेला डोळा आणि दुसऱ्याचा क्षणभर झोंबलेला गाल, दोन्हींचा भाव एकच. अपमान हा इथे इजेइतकाच मोजण्याजोगा आहे, आणि तो किती मोठा हे माणसाच्या थरावर ठरतं. या संपूर्ण संहितेत उतरंड इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी जोडी मला तरी दिसत नाही.

एक मिना म्हणजे किती? मिनाचे साठ शेकेल आणि शेकेलचे १८० दाणे, असं वजनमाप होतं. मिना आपल्या मापाने अर्ध्या किलोच्या आसपास. २७३वं कलम रोजंदारी मजुराचा दर देतं: वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत दिवसाला सहा दाणे चांदी, पुढे पाच. एका मिनाचे दाणे होतात १०,८००. सहाच्या दराने भागले तर १,८०० दिवसांची, म्हणजे सुमारे पाच वर्षांची मजुरी. मुश्केनुमने दिलेल्या थपडेचे दहा शेकेल म्हणजे तीनशे दिवसांची मजुरी. हा हिशेब ढोबळ आहे. कायद्यातला दर आणि प्रत्यक्ष मिळणारी मजुरी एकच असेल असं नाही, आणि मजुरी बऱ्याचदा धान्यात मिळे. तरी त्यातून एक प्रश्न उभा राहतो: तीनशे दिवसांची मजुरी थपडेसाठी भरू शकणारा मुश्केनुम हा हातावर पोट असलेला माणूस असेल का? की ही रक्कम वसूल होण्यापेक्षा धाक बसवण्यासाठी लिहिली होती? दोन्ही शक्यता उत्तरात मांडता येतात, आणि परीक्षकाला असं वाचन आवडतं.

जे लिहिलेलं नाही तेही पाहावं. मुश्केनुमने अविलुमचा डोळा फोडला तर काय, याचं कलम नाही. अविलुमने मुश्केनुमला थप्पड मारली तर काय, तेही नाही. मुश्केनुमने मुश्केनुमचा डोळा फोडला तर? त्याचाही उल्लेख नाही. म्हणजे प्रत्येक प्रसंगाला उत्तर देणारा हा आजच्या दंडविधानासारखा ग्रंथ नव्हे. नमुन्यादाखल घेतलेल्या निवाड्यांची ती मांडणी वाटते. उरलेल्या ठिकाणी न्यायाधीश काय करत, ते या दगडावरून कळत नाही.

इथून प्रश्न न्यायाकडे वळतो. प्रस्तावनेत आणि समारोपात राजा सांगतो की बलवानाने दुबळ्याला छळू नये, अनाथांना आणि विधवांना न्याय मिळावा यासाठी देवांनी मला नेमलं. अन्याय झालेल्या माणसाने या स्तंभापुढे यावं, मजकूर वाचून घ्यावा, असंही तो म्हणतो. हा राजाचा दावा आहे. त्याच्या काळातले करार आणि निवाडे मातीच्या पाट्यांवर भरपूर मिळाले आहेत, पण न्यायाधीशांनी या स्तंभाचं अमुक कलम लावलं असं त्यांत सापडत नाही. त्यामुळे स्तंभ हा राजाला न्यायी म्हणून कसं दिसायचं होतं याचा भक्कम पुरावा आहे. न्यायालयात रोज काय घडे, याचा पुरावा म्हणून तो लंगडाच. मात्र त्यातले थर राजाने हवेतून आणलेले नसणार. वाचणाऱ्याला जे ओळखीचं आणि उचित वाटेल तेच तो कोरणार.

आता हेच परीक्षेच्या अंगाने. वर दिलेला दहा कलमांचा आशय उतारा म्हणून समोर आहे असं धरू.

एका गुणाचा प्रश्न: ‘मुश्केनुमचा दात पाडणाऱ्या अविलुमला कोणती शिक्षा होती?’ उत्तर उताऱ्यातच आहे: मिनाचा तिसरा हिस्सा चांदी. एवढंच लिहावं. बॅबिलोनची झुलती बाग इथे आणू नये, आणि विद्यार्थी ती आणतात.

दोन गुणांचा: ‘उताऱ्याच्या आधारे सामाजिक विषमता स्पष्ट करा.’ इथे ‘समाजात विषमता होती’ असं नुसतं म्हणून गुण मिळत नाहीत. कलमांची जोडी द्यावी लागते. उदाहरणार्थ: ‘अविलुमचा डोळा फोडल्यास डोळा फोडला जाई, मुश्केनुमचा फोडल्यास एक मिना चांदी आणि गुलामाचा फोडल्यास त्याची निम्मी किंमत भरावी लागे. गुन्हा एकच असून शिक्षा बळीच्या दर्जावर ठरत असे.’ दोन वाक्यांत पुरावा आणि अनुमान दोन्ही आले.

चार गुणांचा: ‘या कायद्यांमुळे बॅबिलोनमध्ये दुर्बलांना न्याय मिळत होता, या विधानाशी तुम्ही सहमत आहात का?’ हो किंवा नाही असं एकदम म्हणणारं उत्तर इथे फसतं. बाजूने सांगता येईल की मुश्केनुमला झालेल्या इजेलाही ठरलेली भरपाई होती, म्हणजे त्याचं शरीर अगदीच बेवारस नव्हतं. उताऱ्याबाहेरचा एखादा आधार चालत असेल तर ११७वं कलम घ्यावं: कर्जापायी कामाला जुंपलेल्या बायकोला किंवा मुलांना तीन वर्षांनी, चौथ्या वर्षी, सोडायचं. विरुद्ध बाजूला गुलामाच्या डोळ्याची निम्मी किंमत. तो डोळा त्याचा, पण हिशेब मालकाच्या नुकसानीचा. आणि शेवटी साधनाची मर्यादा: हा राजाने उभारलेला स्तंभ आहे, निवाड्यांची नोंदवही नव्हे. ही मर्यादा लिहिली नाही तर चौथा गुण बहुधा जातो.

एक प्रश्न चलाख परीक्षक हमखास विचारतो: ‘डोळ्याला डोळा ही रानटी, म्हणून सर्वांत जुनी पद्धत असावी का?’ त्याचं उत्तर उर-नम्मूच्या संहितेत आहे. ती हम्मुराबीच्या आधीची, साधारण इ.स.पू. २१०० ची, आणि तिच्यात डोळा फोडल्याबद्दल अर्धा मिना चांदी सांगितली आहे. म्हणजे दंड आधीचा आणि डोळ्याच्या बदल्यात डोळा नंतरचा, तोही फक्त अविलुमने अविलुमला इजा केली तरच. त्या थरातल्या माणसाची इजा पैशाने भरून निघणारी नाही, असं ठरवण्याइतकी प्रतिष्ठा हम्मुराबीच्या काळात त्याला मिळाली होती, असं अनुमान यातून काढता येतं. ते अनुमान आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे उत्तरात ‘असावं’ या क्रियापदाने दाखवावं.