चेहरा जवळून : पुटकुळी पुसा, व्रण राखा

मागच्या भागात फोटोतल्या त्वचेचा रंग जुळवला. आता त्वचेच्या पोताकडे वळू. नवशिका रिटचर इथे हमखास एक गोष्ट करतो. Healing Brush हाती घेतो आणि चेहऱ्यावर जे जे खुपेल ते ते एकाच दमात पुसून टाकतो. कालची पुटकुळी आणि वीस वर्षांपूर्वीचा व्रण त्याच्या लेखी सारखेच असतात.

उदाहरणादाखल एका तबलावादकाचा फोटो घेऊ. वय चाळिशीचं, चेहरा चौकटभर, डावीकडच्या खिडकीतून येणारा तिरपा प्रकाश. हनुवटीवर दोन लाल पुटकुळ्या आहेत आणि दोन्ही गालांवर तरुणपणीच्या मुरुमांचे खड्डे. पुटकुळ्या आठवड्याभरात जातील, त्या फोटोत राहायचं काही कारण नाही. खड्डे मात्र त्यांच्या चेहऱ्याचेच आहेत. घरचे, शिष्य, श्रोते त्यांना त्या खड्ड्यांसकट ओळखतात. ते साफ पुसले तर फोटो त्यांच्या धाकट्या भावाचा वाटेल.

पुटकुळीचं काम सोपं. वर एक रिकामा लेयर घ्यायचा, Healing Brush ला Sample मध्ये Current & Below द्यायचं, ब्रश पुटकुळीहून किंचित मोठा ठेवायचा आणि नमुना शेजारच्याच त्वचेचा घ्यायचा. हे टूल नमुन्यातून पोत उचलतं, रंग आणि उजेड मात्र आजूबाजूचा घेतं. हनुवटीवर भोवती निरोगी त्वचा असते, म्हणून ते जमून जातं.

गालावर हेच टूल फसतं. एका खड्ड्याच्या शेजारी दुसरा खड्डा असतो, मग नमुना घ्यायचा कुठून? कपाळावरून आणावा तर तिथली रंध्रं बारीक, गालावरची ठसठशीत. ठिगळ लपत नाही. शिवाय ब्रशची कड शेजारच्या खड्ड्याच्या काळ्या काठावर पडली, की तो काळेपणा आत ओढला जातो आणि मळकट डाग उमटतो.

खड्डा मोठा करून नीट पाहा. प्रकाश डावीकडून येतोय, तर खड्ड्याची डावी आतली भिंत सावलीत असते आणि उजवी उजळलेली. पुटकुळीचं नेमकं उलट: डावी बाजू उजळ, उजवीकडे सावली. उंचवटा की खोलगट, हे फोटोत एवढ्यावरून कळतं. म्हणजे खड्डा आपल्याला दिसतो तो काळ्या-उजळ कोरींच्या जोडीमुळे. त्या दोन कोरींमधला फरक कमी केला, की खड्डा उथळ होतो. त्वचेची रंध्रं जागच्या जागी राहतात, कारण आपण काही झाकलेलं नसतं.

त्यासाठी Curves चे दोन लेयर लागतात. एकात रेषेचा मधला भाग थोडा वर ओढायचा, दुसऱ्यात थोडा खाली. दोन्हींचे मास्क काळे करायचे. मग मऊ पांढरा ब्रश, Flow दोन-तीन टक्के, आकार त्या कोरीच्या रुंदीएवढाच. उजळ करणाऱ्या मास्कवर काळी कोर हलक्या हाताने रंगवायची, गडद करणाऱ्यावर उजळ कोर. सगळ्यात वर तात्पुरता Black & White लेयर टाकला की रंगाचा घोळ बाजूला राहतो आणि निव्वळ उजेड-सावली दिसते. काम झालं की तो बंद करायला विसरू नका. बंद केल्यावर काही उजळलेल्या कोरी नारिंगी दिसतील. तिथे Color मोडमधल्या रिकाम्या लेयरवर शेजारच्या त्वचेचा रंग हलकासा फिरवायचा.

मुरूम बरा झाल्यावर मागे राहणारा तपकिरी डाग ही तिसरीच जात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर तो फार दिसतो. तो सपाट असतो, त्याला खोली नसते. त्यामुळे तिथे रंग आणि गडदपणा, दोन्ही थोडे आवरले की भागतं, पोताला हात लावायचा नाही.

हे सगळं मोठं करून करताना हात आवरत नाही, म्हणून मधूनमधून पूर्ण फोटो पडद्यावर बसवून बघा. प्रकाशाकडून सावलीकडे जाणारा गालाचा उतार सपाट झाला असेल, किंवा गाल गुळगुळीत आणि मान खरखरीत दिसत असेल, तर हात जास्त पडलाय. मी शेवटी दोन्ही Curves एका ग्रुपमध्ये घालून त्याची Opacity साठ टक्क्यांच्या आसपास आणतो. खड्डे दिसतात, पण पहिली नजर डोळ्यांवर जाते.

अर्थात किती ठेवायचं, हे ज्याचा चेहरा आहे त्याला आधी विचारावं. आणि फोटो अजून काढायचा असेल, तर खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा. सावल्या तिथेच मऊ होतात आणि कॉम्प्युटरवरचं बरंचसं काम वाचतं.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांखालची काळी वर्तुळं.