वाळूवरच्या खांबाला किती मोठा पाया?

वाळूवर बांधलेली इमारत अचानक कोसळते असं फारसं होत नाही. ती खचते, आणि वेगवेगळे खांब वेगवेगळे खचतात म्हणून भिंतींना तडे जातात. त्यामुळे वाळूवर फुटिंगचा, म्हणजे खांबाखालच्या पसरट पायाचा आकार ठरवताना बहुतेक वेळा ‘वाळू किती भार सोसेल?’ यापेक्षा ‘किती खचणं चालेल?’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. कार्ल तेरझागी आणि राल्फ पेक यांनी 1948 साली या प्रश्नासाठी एक तक्ता दिला. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना आजही तीच आहे.

या तक्त्याला लागणारा आकडा एसपीटी चाचणीतून येतो. बोअरच्या तळाशी पोकळ नळी ठेवतात आणि 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून तिच्या दांड्यावर पाडत राहतात. पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके सोडून देतात, कारण तिथली वाळू बोअर घेताना विस्कटलेली असते. पुढच्या 30 सेंटिमीटरना लागलेले ठोके म्हणजे ‘एन’. ठोके जितके जास्त, तितकी वाळू घट्ट.

एक उदाहरण घेऊ. खांबावरचा भार 90 टन आहे आणि पाया जमिनीखाली दीड मीटरवर ठेवायचा आहे. बोअरमध्ये 1.5, 2.25, 3, 3.75 आणि 4.5 मीटरवर अनुक्रमे 9, 11, 13, 15 आणि 17 ठोके मिळाले. हे आकडे तसेच वापरता येत नाहीत. वरच्या थरांच्या वजनाने वाळू आवळली जाते, त्यामुळे तीच वाळू उथळ जागी कमी ठोके दाखवते आणि खोलवर जास्त. ही तफावत काढण्यासाठी उथळ आकडे वाढवून घेतात. इथे पहिला 9 चा 13 होतो, शेवटचा 17 चा जेमतेम 18. पायाच्या तळापासून साधारण पायाच्या रुंदीइतक्या खोलीपर्यंतची सरासरी घ्यायची असते. ती इथे 15 धरू. बोअर अनेक असतील, तर सर्वांत कमी सरासरीचा बोअर धरतात.

आता तक्ता. अगदी अरुंद पाया सोडला, तर 25 मिलिमीटर खचण्याची रेषा जवळपास आडवी असते, आणि ढोबळमानाने एन जितका, तितके टन दर चौरस मीटरला चालतात. म्हणजे 15 टन. 90 टनांसाठी 6 चौरस मीटर, म्हणून अडीच मीटरचा चौरस पाया पुरतो.

25 मिलिमीटरच का? एकाच दाबाखाली मोठा पाया लहान पायापेक्षा जास्त खचतो, आणि वाळूही सगळीकडे सारखी नसते. सर्वांत मोठा पायाही 25 मिलिमीटरपेक्षा जास्त खचू नये असा दाब ठरवला आणि तोच सगळीकडे वापरला, की दोन खांबांमधला फरक साधारण 20 मिलिमीटरच्या आत राहतो. नेहमीची चौकटीची इमारत तेवढं सोसते.

पण वरचा हिशेब पाणी खोल आहे असं धरून केला. पावसाळ्यात भूजल पायाच्या तळापर्यंत चढलं तर? पाण्यात बुडालेल्या वाळूचं परिणामी वजन जवळपास निम्मं होतं, कणांमधली पकड सैल पडते. त्यासाठी दाबाला एका गुणकाने गुणतात: निम्मं, अधिक पाण्याच्या खोलीला पायाची खोली व रुंदी यांच्या बेरजेने भागून आलेल्या उत्तराचं निम्मं. रुंदी तीन मीटर धरली तर दीड भागिले साडेचार म्हणजे एक तृतीयांश, आणि गुणक दोन तृतीयांश. चालणारा दाब 15 वरून 10 टनांवर येतो. क्षेत्र 9 चौरस मीटर, बाजू बरोबर तीन मीटर. म्हणजे कोरड्या हिशेबाच्या दीडपट क्षेत्र.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात हवी. प्रत्यक्षात मोजलेलं खचणं तक्त्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच निघतं. मेयरहॉफ यांनी 1965 मध्ये दाब दीडपट वाढवावा आणि पाण्याची वेगळी कपात करू नये असं सुचवलं. त्यांच्या मते पाण्याचा परिणाम ठोक्यांतच उतरलेला असतो. मात्र कोरड्या दिवसांत बोअर घेतला असेल, तर हा युक्तिवाद लागू पडत नाही.

खरा धोका आकड्यांतच असतो. नळीच्या तोंडाशी गोटा आला की ठोके खोटे वाढतात. भूजलाखाली काम चालू असताना बोअरमधलं पाणी बाहेरच्या पातळीखाली गेलं, तर तळातून वाळू वर उसळते आणि ठोके खोटे घटतात. शेजारच्या आकड्यांशी न जुळणारी उडी दिसली, की नमुन्यात काय निघालं आणि बोअरमध्ये पाणी कुठवर होतं हे नोंदवहीत तपासावं. आणि अहवालात भूजलाच्या पातळीपुढे तारीख नसेल, तर अडीच आणि तीन मीटरमधली निवड करण्याआधी ती मागून घ्यावी.