आजीचा 'हो' आणि आईचा 'नाही'

पहिली-दुसरीतली बरीच मुलं शाळा सुटल्यावर आजी-आजोबांकडेच असतात. आई-बाबा सकाळी 9 ला बाहेर पडतात, ते 7 ला परत. या सहवासाचा फायदा वर्गात लगेच दिसतो. 'उंबरठा', 'शिंकाळं', 'तेरवा' असे शब्द या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. गोष्टही ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत नीट सांगतात. तक्रार असते ती शिस्तीची. "आजीने लाडावून ठेवलंय" हे वाक्य पालकसभेत ठरलेलंच!

माझ्या मते अडचण लाडाची नसतेच. एकच नियम घरात कधी चालतो, कधी चालत नाही, ही खरी अडचण. समजा, पहिलीतला मुलगा दुपारी मोबाईल लावल्याशिवाय जेवत नाही. आईने बंदी घातली. पहिल्या दिवशी तो 5 मिनिटं रडला, आजीने मोबाईल दिला नाही. दुसऱ्या दिवशी 15 मिनिटं रडला, ताट ढकललं. आजीला राहवलं नाही, तिने मोबाईल दिला. मूल काय शिकलं? 5 मिनिटं पुरत नाहीत, 15 मिनिटं रडावं लागतं. डी.एड.ला आपण स्किनरचं प्रबलन शिकलो, ते हेच. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सुटायला जास्त अवघड असते. शिवाय हट्ट मोडताना रडणं बरेचदा आधी वाढतं, मग उतरतं. ते वाढतं तेव्हा घरात आजी एकटी असते.

तिची बाजूही बघा. गुडघे दुखतात, मुलामागे धावता येत नाही, आणि पोर उपाशी राहिलं तर बोल तिलाच. मोबाईल हे तिचं कामाचं साधन आहे. ते नुसतं काढून घेऊन कसं चालेल? म्हणून आधी तिला विचारा, "आई, तुम्हाला काय जमेल?" ताटात थोडंच वाढायचं, 20 मिनिटांनी न रागावता ताट उचलायचं, 4 वाजता ठरलेला खाऊ, मधे बिस्कीट नाही, एवढं बहुतेक आजींना जमतं. मोबाईल पूर्ण बंद होणार नसेल तर जेवण झाल्यावर 20 मिनिटं ठरवून द्या. रडण्यावर दिलेल्या 5 मिनिटांपेक्षा ते परवडलं. आणि मुलाला आईनेच आजीसमोर सांगावं, "दुपारी आजी म्हणेल तेच." आजीचं काही पटलं नाही तर ते मूल झोपल्यावर बोला.

दोन आठवडे कॅलेंडरवर रडण्याची मिनिटं लिहून ठेवा. आकडा हळूहळू उतरत असेल तर जमतंय. मधेच पुन्हा चढला तर कदाचित कुणीतरी नियम मोडला असेल, आणि ते दरवेळी आजीच असते असं नाही, रविवारी बाबाही असतात. मात्र मुलाचं वजन घटत असेल किंवा घास गिळताना त्रास होत असेल, तर हा शिस्तीचा विषय नाही, आधी डॉक्टरांना दाखवा.