अकरा फंड, पण कामं किती?

बँकेतल्या ओळखीच्या माणसाने सुचवला म्हणून एक फंड, मार्चमध्ये कर वाचवायचा म्हणून दुसरा, यादीत पहिला आला म्हणून तिसरा. दहा-बारा वर्षांत अशा खरेदीचा मोठा पसारा होतो. बऱ्याच घरांत या पसाऱ्यालाच विविधता समजलं जातं, आणि खरी चूक तिथेच होते.

उदाहरणादाखल एका शिक्षिकेची गुंतवणूक घेऊ. एकूण वीस लाख रुपये, अकरा फंडांत: तीन लार्जकॅप, एक निफ्टी ५० इंडेक्स फंड, तीन फ्लेक्सीकॅप, दोन करबचतीचे ईएलएसएस, एक मिडकॅप आणि एक आयटी क्षेत्राचा. सेबीने २०१७ साली फंडांचे प्रकार ठरवून दिले. त्यानुसार लार्जकॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवावी लागते. फ्लेक्सीकॅप आणि ईएलएसएसवर असं बंधन नसलं तरी त्यांचा मोठा हिस्सा बहुतेकदा त्याच शंभरांत असतो. म्हणजे बाईंच्या नऊ फंडांचे व्यवस्थापक वेगळे असले, तरी एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स ही नावं जवळपास प्रत्येकाच्या यादीत सापडणार.

हे घरी तपासता येतं. प्रत्येक फंड दर महिन्याला आपल्याकडचे शेअर जाहीर करतो. दोन फंडांच्या याद्या शेजारी ठेवायच्या. एखाद्या बँकेचा शेअर एकात ९ टक्के आणि दुसऱ्यात ७ टक्के असेल, तर सामायिक हिस्सा लहान आकड्याइतका, म्हणजे ७ टक्के. प्रत्येक सामायिक शेअरचा असा लहान आकडा घेऊन बेरीज करायची. ती पन्नाशीच्या पुढे गेली, की दोन्ही फंड ठेवण्याचं कारण मला तरी दिसत नाही. उलट असे पाच-सहा फंड मिळून जवळपास इंडेक्सच तयार होतो, आणि त्यासाठी सक्रिय व्यवस्थापनाचा जास्त खर्च दरवर्षी कापला जातो.

मग ठेवायचं काय? प्रत्येक फंडासमोर त्याचं काम एका वाक्यात लिहून पाहावं. बाईंच्या यादीत निफ्टी ५० फंडाचं काम स्पष्ट आहे: देशातल्या मोठ्या कंपन्यांसोबत कमी खर्चात वाढणं. मिडकॅप फंड त्याखालच्या, १०१ ते २५० क्रमांकांच्या कंपन्यांत जातो, म्हणून त्याचंही काम वेगळं. पण दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी चार लाख लागणार आहेत, आणि त्यासाठी यादीत एकही फंड नाही. सगळा पैसा शेअरबाजारात आहे. अकरा फंडांच्या गर्दीत ही उणीव कुणाच्या लक्षातच आली नव्हती. ती भरायला कमी मुदतीचा डेट फंड हवा. म्हणजे शेवटी फंड उरतील तीन.

पण एका दिवसात सगळं विकू नये. पहिलं काम बिनखर्चाचं: नको असलेल्या फंडांच्या एसआयपी थांबवून ती रक्कम या तिघांकडे वळवणं. विकताना मात्र कर आड येतो. 'स्विच' केलं तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच. शेअर फंडातली वर्षाहून जुनी युनिट विकली, तर वर्षभरात अशा सगळ्या विक्रीवरचा मिळून सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो, त्यापुढे साडेबारा टक्के कर. वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के, शिवाय बऱ्याच फंडांत एक टक्का एक्झिट लोड.

समजा, बाईंनी एका लार्जकॅपमध्ये २०२१ साली एकरकमी २,४०,००० रुपये घातले आणि आज त्याचे ४,००,००० झाले. सगळं मार्चमध्ये विकलं तर नफा १,६०,०००. त्यातल्या ३५,००० वर सेससह ४,५५० रुपये कर. त्याऐवजी मार्चअखेरीस तीन लाखांची युनिट विकली तर नफा १,२०,०००, आणि उरलेली एप्रिलमध्ये विकली तर ४०,०००. दोन आर्थिक वर्षं, दोन सवलती, कर शून्य. फीचे चार लाखही इथूनच निघाले. एसआयपीतून घेतलेल्या फंडात मात्र हा हिशेब सरासरीने चालत नाही. तिथे सर्वांत जुनी युनिट आधी विकली गेली असं धरतात आणि त्यांतच नफा जास्त असतो, म्हणून आधी कंपनीकडून भांडवली नफ्याचं पत्रक मागवावं.

आयटी फंड तोट्यात असेल तर तो याच वर्षी काढण्यात शहाणपण आहे. दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच.

सर्वांत उशिरा सुटतील ते ईएलएसएस. तिथे एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतंत्रपणे तीन वर्षं अडकतो, त्यामुळे आज एसआयपी बंद केली तरी शेवटचा हप्ता मोकळा व्हायला आणखी जवळपास तीन वर्षं लागतात. तोपर्यंत हे दोन फंड बाईंच्या यादीत राहतील. नवा पैसा तेवढा त्यांत जाणार नाही.