विभव शून्य, तरी क्षेत्र जोरात

चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर प्रत्येकी 1 नॅनोकूलॉम धन प्रभार ठेवले आहेत आणि प्रत्येक कोपरा मध्यापासून 10 सेंटिमीटरवर आहे, असे समजू. मध्यावर एका प्रभारामुळे सुमारे 90 व्होल्ट विभव निर्माण होतो. विभवाला दिशा नसते, म्हणून चौघांची सरळ बेरीज होते: 360 व्होल्ट. विद्युत क्षेत्राला मात्र दिशा असते. प्रत्येक प्रभाराचे क्षेत्र मीटरला 900 व्होल्ट असते, पण समोरासमोरचे प्रभार एकमेकांचे क्षेत्र खोडून काढतात. त्यामुळे मध्यावरचे एकूण क्षेत्र शून्य होते.

आता वरचे दोन प्रभार धन ठेवून खालचे दोन ऋण करा. विभवाची बेरीज शून्य होते. क्षेत्र मात्र नाहीसे होत नाही. धन प्रभार मध्यावरच्या क्षेत्राला आपल्यापासून दूर ढकलतो आणि समोरचा ऋण प्रभार त्याच दिशेने ओढतो, म्हणून प्रत्येक कर्णावर 1800 मिळतात. दोन्ही कर्ण काटकोनात असल्याने 1800 ला 2 च्या वर्गमुळाने गुणायचे: मीटरला सुमारे 2550 व्होल्ट, दिशा सरळ खाली.

विभव ही डोंगराची उंची मानली, तर क्षेत्र हा त्याचा उतार. समुद्रसपाटीवरची जागाही उताराची असू शकते. धन आणि ऋण प्रभार कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवले, तर मात्र मध्यावर दोन्ही शून्य होतात.

म्हणून एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. दोन्ही स्वतंत्रपणे मोजा.